पंधरा लाखांचं कुलूप



पत्रिकेवर आजचा विषय 'बायबॅक आणि बोनस शेअर' एवढाच छापला आहे. तो वाचून दुपारी एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "कुठला शेअर घ्यायचा ते सांगणार असशील तर येतो." मी म्हटलं, तसं काही नाही, मी फक्त जर्नल एन्ट्र्या सांगणार आहे. तो आलेला नाही. तुम्ही आलात, म्हणजे तुम्हाला एन्ट्र्यांचं वावडं नाही असं धरून चालतो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्या सरांची एक सवय इथल्या अनेकांना आठवत असेल. फळ्यावर एन्ट्री लिहून झाली की ते खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "आता सांगा, पैसा गेला कुठून आणि अडकला कुठे?" नावे-जमा बरोबर असली तरी या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर त्यांच्या लेखी ती एन्ट्री चूकच. आज मी तोच प्रश्न घेऊन आलो आहे. कंपनी स्वतःचे शेअर परत विकत घेते तेव्हा पैसा कुठून जातो? आणि फुकट शेअर वाटते तेव्हा नेमकं काय वाटते?

आधी एक जुना खटला सांगतो. इंग्लंडमधली फ्लॅनेल बनवणारी एक कंपनी होती. तिने आपल्याच एका मयत भागधारकाचे शेअर त्याच्या वारसदारांकडून विकत घ्यायचं ठरवलं. काही पैसे दिले, काही द्यायचे राहिले, आणि तेवढ्यात कंपनी बुडाली. वारसदार म्हणाले, आमची बाकी द्या. 1887 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, मिळणार नाही. कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेणं मुळात तिच्या अधिकाराबाहेरचं आहे. ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ हे त्या खटल्याचं नाव. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला ते पाठ असतं, पण त्यामागचं कारण बहुधा पाठ नसतं.

कारण साधं आहे. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला जो माल उधार देतो, जी बँक कर्ज देते, त्यांना भागधारकाच्या घरावर हात टाकता येत नाही. त्यांच्या हाती काय असतं? भागधारकांनी आत घातलेलं भांडवल, आणि ते भांडवल मागच्या दाराने परत जाणार नाही एवढा भरवसा. लाभांश द्या, तो नफ्यातून द्या. भांडवल मात्र आतच राहिलं पाहिजे. शेअर परत विकत घेणं म्हणजे भांडवल भागधारकाच्या खिशात परत घालणं. मग सावकाराचं काय?

आपल्या 1956 च्या कंपनी कायद्यातही कलम 77 होतं आणि ते याच भीतीने बायबॅकला बंदी घालत होतं. दार उघडलं 31 ऑक्टोबर 1998 पासून, आधी अध्यादेशाने आणि पुढच्या वर्षी दुरुस्ती कायद्याने. आज ते सगळं 2013 च्या कायद्यातल्या कलम 68 ते 70 मध्ये आहे आणि बोनसची व्यवस्था कलम 63 मध्ये. म्हणजे दार उघडलं, पण त्याला कुलूप बसवलं. त्या कुलपाचं नाव कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह. आपल्या तोंडात बसलेलं नाव सीआरआर. (बँकांचा सीआरआर वेगळा हं. रिझर्व्ह बँकेचा इथे काही संबंध नाही. दर वर्षी एखादा मुलगा पेपरात तो लिहून येतोच.)

आता एक कंपनी समोर ठेवू. काल्पनिक आहे, नाव देत नाही. पंपाचे सुटे भाग करते असं समजा. शेअर दहा रुपये दर्शनी किमतीचा, असे दहा लाख शेअर, म्हणजे भांडवल 100 लाख. सिक्युरिटीज प्रीमियम 30 लाख. जनरल रिझर्व्ह 90 लाख. नफा-तोटा खात्याची शिल्लक 40 लाख. फॅक्टरीच्या जमिनीची किंमत वाढवून लिहिली म्हणून रिव्हॅल्युएशन रिझर्व्ह 50 लाख. सगळी कर्जं मिळून 400 लाख. बँकेत पुरेशी शिल्लक आहे. संचालकांना 30 रुपये दराने शेअर परत घ्यायचे आहेत. जास्तीत जास्त किती घेता येतील?

इथे कायदा तीन वेगळ्या फूटपट्ट्या लावायला सांगतो आणि तिन्हींपैकी जी सर्वांत तोकडी, ती खरी.

पहिली शेअरच्या संख्येची. एका आर्थिक वर्षात भरणा झालेल्या इक्विटी भांडवलाच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त इक्विटी शेअर घेता येत नाहीत. दहा लाखांचे पाव, अडीच लाख शेअर. सोपं आहे.

दुसरी पैशाची. भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या 25 टक्के. बायबॅकपुरता सिक्युरिटीज प्रीमियमही मुक्त निधीत धरायचा, असं कायदा स्पष्टच म्हणतो. म्हणून 100 अधिक 30 अधिक 90 अधिक 40, बेरीज 260 लाख, त्याचा पाव 65 लाख. 30 रुपयांच्या भावाने 2,16,666 शेअर. आणि जमिनीचे ते 50 लाख? ते यात येत नाहीत. जमिनीची किंमत कागदावर वाढली म्हणून लाभांश वाटता येत नाही, तशीच त्यातून बायबॅकही करता येत नाही. या 260 लाखांवर आणखी एक रेघ आहे. दहा टक्क्यांपर्यंतचा बायबॅक संचालक मंडळ आपल्या ठरावाने करू शकतं. आपल्या कंपनीत ते होतात 26 लाख. त्यापुढे सभेत विशेष ठराव लागतो.

तिसरी फूटपट्टी कर्जाची, आणि गंमत तिथे आहे. बायबॅकनंतर एकूण कर्ज हे भांडवल आणि मुक्त निधी यांच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये. कर्ज 400, म्हणजे बायबॅकनंतर निदान 200 लाख उरले पाहिजेत. आज 260 आहेत. मग 60 लाख काढायला मोकळे, भागिले 30, दोन लाख शेअर. बरोबर?

चूक. आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

नवीन सीए होतो. एका खासगी कंपनीच्या बायबॅकचं काम आमच्याकडे आलं होतं. आकडे वेगळे होते, चूक हीच. मी तक्ता करून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, "कुलपात टाकलेले कुठे वजा केलेस?" मला कळेना. कुठलं कुलूप? मग त्यांनी सांगितलं, तेच आता सांगतो.

कलम 69 म्हणतं की मुक्त निधीतून किंवा सिक्युरिटीज प्रीमियममधून शेअर परत घेतले, तर घेतलेल्या शेअरच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम सीआरआरमध्ये टाकायची. ही रक्कम बँकेतून जात नाही, कंपनीतच राहते. पण ती मुक्त निधी राहत नाही, कुलूपबंद होते. आणि कर्जाची फूटपट्टी मोजते भांडवल आणि मुक्त निधी. म्हणजे एक शेअर परत घेतला की 30 रुपये बाहेर जातात, शिवाय 10 रुपये आतल्या आत मुक्त निधीतून निघून कुलपात जातात. फूटपट्टीच्या दृष्टीने एका शेअरमागे 40 रुपये कमी होतात. 60 लाख भागिले 40, दीड लाख शेअर. दोन लाख घेतले असते तर? 60 लाख बाहेर, 20 लाख कुलपात, उरले 180, आणि 400 हे 180 च्या दुपटीपेक्षा जास्त. नियम मोडला असता आणि कागदावर सगळं छान दिसलं असतं.

जमिनीचे 50 लाख मिसळले तर उत्तर येतं 2,75,000, म्हणजे पहिली फूटपट्टीही ओलांडली. अशा वेळी आकडा स्वतःच ओरडून सांगतो की कुठेतरी गडबड आहे. दोन लाखांचं उत्तर मात्र ओरडत नाही. ते पहिल्या दोन्ही फूटपट्ट्यांत नीट बसतं. म्हणून तेच जास्त धोक्याचं.

तर आपले दीड लाख शेअर. 45 लाख रुपये. मंडळाच्या 26 लाखांच्या वर आहेत, म्हणून विशेष ठराव हवाच. आर्टिकल्समध्ये परवानगी हवी, शेअर पूर्ण भरणा झालेले हवेत, आणि आपण वर्षभरात बुडणार नाही असं संचालकांनी शपथेवर लिहून द्यायचं. तो एसएच-9 फॉर्म. ही शपथ खोटी निघाली तर संचालकांच्या अंगाशी येते, आणि यायलाच हवी.

आता एन्ट्र्या. एकेक करून.

शेअर रद्द करून देणं उभं करायचं:

इक्विटी शेअर कॅपिटल खाते … नावे 15,00,000
बायबॅकवरील प्रीमियम खाते … नावे 30,00,000
इक्विटी शेअरहोल्डर्स खाते … जमा 45,00,000
(1,50,000 शेअर प्रत्येकी 30 रुपयांना परत घेतल्याबद्दल)

पैसे द्यायचे:

इक्विटी शेअरहोल्डर्स खाते … नावे 45,00,000
बँक खाते … जमा 45,00,000
(देय रक्कम चुकती केल्याबद्दल)

दहाचा शेअर तीसला घेतला, त्यातले वरचे वीस भागवायचे:

सिक्युरिटीज प्रीमियम खाते … नावे 30,00,000
बायबॅकवरील प्रीमियम खाते … जमा 30,00,000
(बायबॅकवरील प्रीमियम निकाली काढल्याबद्दल)

आणि कुलूप लावायचं:

जनरल रिझर्व्ह खाते … नावे 15,00,000
कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह खाते … जमा 15,00,000
(कलम 69 प्रमाणे दर्शनी किमतीइतकी रक्कम वर्ग केल्याबद्दल)

तिसऱ्या एन्ट्रीत मी आधी सिक्युरिटीज प्रीमियम का संपवला? जनरल रिझर्व्हमधून का नाही भागवला? दोन्ही चालतं, कायदा अडवत नाही. पण लाभांशाला चालणारा पैसा वापरायचा की न चालणारा, असा प्रश्न आला तर व्यवहारी माणूस आधी न चालणारा वापरतो. सिक्युरिटीज प्रीमियममधून लाभांश देता येत नाही. त्याचा उपयोग कलम 52 ने मोजक्या कामांपुरता ठेवलाय, त्यात बायबॅक येतो. मग तोच आधी संपवा, जनरल रिझर्व्ह उद्याच्या लाभांशासाठी राहू द्या. घरातही आपण आधी सुट्टे खर्च करतो, नोट मोडत नाही. आणि चौथ्या एन्ट्रीत सिक्युरिटीज प्रीमियम का नाही वापरला, असं कोणी विचारेल. आपल्याकडे तो संपला होता हे एक. पण उरला असता तरी मी जनरल रिझर्व्हच घेतला असता, कारण प्रीमियमच्या ठरलेल्या उपयोगांच्या यादीत सीआरआर भरणं हे काम लिहिलेलं नाही. मुलांना मी हेच सांगतो: सीआरआर जनरल रिझर्व्हमधून किंवा नफ्यातून भरा, वाद राहत नाही.

सीआरआर कधी लागत नाही, हेही सांगून टाकतो. बायबॅकसाठी नवीन शेअर काढून पैसे उभे केले तर जेवढं नवं भांडवल आलं तेवढं कुलूप लागत नाही, कारण जुन्याच्या जागी नवं भांडवल बसलेलं असतं. फक्त ते नवे शेअर त्याच जातीचे नसावेत. इक्विटीच्या बायबॅकसाठी इक्विटीच विकून पैसे आणायचे असतील तर मग बायबॅक कशाला, असं कायद्याचं म्हणणं.

कागदपत्रांचं एक दृश्य मी विसरत नाही. पूर्वी शेअर सर्टिफिकेटं कागदाची असत. जाड कागद, भोवती वेलबुट्टी, खाली दोन सह्या आणि कंपनीचा उठावदार शिक्का. बायबॅक संपल्यापासून सात दिवसांत शेअर रद्द करून ती सर्टिफिकेटं प्रत्यक्ष नष्ट करावी लागतात. एका छोट्या कंपनीत आम्ही ते काम बघायला बसलो होतो. टेबलावर दीडशेच्या आसपास सर्टिफिकेटं. एका कारकुनाच्या हातात कात्री. तो प्रत्येक सर्टिफिकेटचा नंबर मोठ्याने वाचायचा, मी रजिस्टरमध्ये टिक करायचो आणि तो मधोमध कापायचा. संस्थापकांच्या आईच्या नावाचं सर्टिफिकेट आलं तेव्हा तो जरा थबकला. मग कापलंच त्याने. आता हे डिमॅटमध्ये दोन बटणांत होतं. चांगलंच आहे. पण भांडवल रद्द होणं म्हणजे काय, ते मला त्या कात्रीच्या आवाजात कळलं होतं.

आता सरांचा प्रश्न. पैसा गेला कुठून, अडकला कुठे? बँकेतून 45 लाख गेले. भांडवल 100 चं 85 झालं. पण सीआरआर आला 15. पंच्याऐंशी आणि पंधरा किती? शंभर. सावकाराचा भरवसा जेवढ्या रकमेवर होता, तेवढीच रक्कम लाभांश म्हणून न वाटता येणारी अशी अजूनही आत आहे. फ्लॅनेल कंपनीच्या खटल्यात न्यायाधीशांना जी भीती होती, तिला आपल्या कायद्याने दिलेलं उत्तर हे पंधरा लाख आहेत.

आणि हे कुलूप उघडतं कशाने? एकाच किल्लीने. सीआरआरमधून लाभांश देता येत नाही, तोटा भरून काढता येत नाही. त्याचा एकच उपयोग कायद्याने ठेवलाय: पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर द्यायला. म्हणून बायबॅक आणि बोनस हे विषय एकाच प्रकरणात शिकवतात, एवढ्या उलट दिशेचे असूनही.

आता बोनस. आपल्या कंपनीत 8,50,000 शेअर उरलेत. संचालकांनी ठरवलं, पाचास एक. म्हणजे 1,70,000 नवे शेअर, 17 लाख रुपयांचं भांडवल. बायबॅकनंतर सहा महिने त्याच जातीचे नवे शेअर काढायला मनाई असते, पण बोनसला त्यातून सूट आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला मात्र सेबीचा नियम पाहावा लागतो. बायबॅक चालू असेपर्यंत तिला बोनसही देता येत नाही.

पैसे कुठून? आधी सीआरआर, कारण त्याला दुसरं काहीच करता येत नाही. मग सिक्युरिटीज प्रीमियम उरला असेल तर तो. सर्वांत शेवटी मुक्त निधी. रिव्हॅल्युएशन रिझर्व्ह इथेही नाही, कलम 63 ते थेट नाकारतं. आपल्याकडे सीआरआर 15 लाख, कमी पडतात दोन.

कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्ह खाते … नावे 15,00,000
जनरल रिझर्व्ह खाते … नावे 2,00,000
बोनस टू शेअरहोल्डर्स खाते … जमा 17,00,000
(पाचास एक प्रमाणे बोनस जाहीर केल्याबद्दल)

बोनस टू शेअरहोल्डर्स खाते … नावे 17,00,000
इक्विटी शेअर कॅपिटल खाते … जमा 17,00,000
(1,70,000 पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर दिल्याबद्दल)

या दोन एन्ट्र्यांत बँक कुठे आहे? नाहीच. एक रुपया हलला नाही. भांडवल 85 चं 102 लाख झालं. जनरल रिझर्व्ह बायबॅकनंतर 75 राहिला होता, तो 73 झाला. नफ्याचे 40 तसेच. बोनसच्या आधी बेरीज 215, नंतरही 215. (जमिनीचे 50 दोन्हीकडे बाजूला ठेवलेत.) कुलपातले पंधरा लाख आता भांडवलात गेले. कुलूप गेलं, पण भिंत आली. भांडवल तर त्याहून कायमचं.

अर्धवट भरणा झालेल्या शेअरवर हाच बोनस देऊन ते पूर्ण करता येतील का? येतील, पण मग सीआरआर आणि सिक्युरिटीज प्रीमियम चालत नाही, मुक्त निधीच लागतो. परीक्षेत यावर हमखास गुण जातात, एवढं सांगून पुढे जातो.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. बायबॅकनंतर कर्जाचं प्रमाण नेमकं दोनास एक झालं होतं, 400 ला 200. बोनसनंतर? भांडवल 102, मुक्त निधी 113, बेरीज 215. प्रमाण 1.86. कर्ज फिटलं नाही, पैसा आला नाही, कंपनी कालच्यापेक्षा श्रीमंत झाली नाही. फक्त कुलपातली रक्कम मोजणीत परत आली. बँकेच्या कर्ज अधिकाऱ्याने हे प्रमाण सुधारलेलं पाहून खूश होऊ नये, असं माझं आपलं मत.

भागधारकाला काय मिळालं, हे तुम्हाला फळ्याशिवायही सांगता येईल. ज्याच्याकडे शंभर होते त्याच्याकडे एकशेवीस झाले, पण सगळ्यांचेच वाढले. त्याचा कंपनीतला वाटा होता तेवढाच. भाव त्या प्रमाणात खाली येतो. आमच्या काकूंना हे कधीच पटलं नाही. बोनस आला की त्या पेढे वाटायच्या. मी काही बोलायचो नाही, पेढे खायचो.

आता या दोन्ही गोष्टी ज्या कंपनीने एका वर्षाच्या आत केल्या, तिच्याकडे वळतो. इन्फोसिस. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेली, नंतर बेंगळुरूला गेलेली. 2017 च्या डिसेंबरमध्ये तिने 11,30,43,478 शेअर प्रत्येकी 1,150 रुपयांनी परत घेतले. एकूण 13,000 कोटी. शेअरची दर्शनी किंमत पाच रुपये. मग कुलपात किती जायला हवेत? 11.30 कोटी गुणिले पाच, साधारण 56 कोटी. ताळेबंदात सीआरआरसमोर तोच आकडा आहे. वरच्या रकमेसाठी सिक्युरिटीज प्रीमियम आणि जनरल रिझर्व्ह दोन्ही वापरले, आणि सीआरआर जनरल रिझर्व्हमधून भरला.

जरा थांबून बघा. 13,000 कोटी बाहेर गेले आणि कुलपात 56 कोटी. आपल्या कंपनीत 45 लाखांमागे 15 लाख होते, तिसरा हिस्सा. इथे अर्धा टक्काही नाही. सावकाराचं संरक्षण दर्शनी किमतीवर बांधलेलं आहे, आणि पाच रुपयांचा शेअर 1,150 ला जातो तेव्हा ते संरक्षण फार पातळ होतं. इन्फोसिसला कर्जाचं ओझं नव्हतं, तिथे कोणाला घाबरायचं कारण नव्हतं. पण कर्जात असलेली, दर्शनी किंमत एक रुपया असलेली कंपनी डोळ्यांसमोर आणा. तिथे सीआरआर नावालाच उरतो. खरा पहारा देतात ती कर्जाची फूटपट्टी आणि संचालकांची शपथ. म्हणून मी मघाशी तिसऱ्या फूटपट्टीवर एवढा वेळ घालवला.

आणि मग 2018 चा सप्टेंबर. इन्फोसिसने एकास एक बोनस दिला. 2,18,41,91,490 नवे शेअर, सुमारे 1,092 कोटींचं भांडवल. परीक्षेतला मुलगा म्हणेल, आधी 56 कोटींचा सीआरआर वापरला असणार. नाही वापरला. सगळा बोनस जनरल रिझर्व्हमधून दिला, सीआरआर तसाच ठेवला. का? कारण काटकसरीचा जो नियम मी तुम्हाला सांगितला, तो निधी कमी असलेल्यांसाठी आहे. ज्याच्याकडे जनरल रिझर्व्ह भरपूर आहे, त्याला 56 कोटींची किल्ली फिरवायची घाई नसते. पुस्तकातला क्रम म्हणजे कायदा नव्हे. तो शहाणपणाचा एक अंदाज आहे, आणि परिस्थिती बदलली की शहाणपणही बदलतं.

भाव? बोनसनंतर जवळपास निम्म्यावर आला. अर्थातच.

बोनसमध्ये लोक जिथे अडखळतात ती जागा मात्र एन्ट्रीत दिसत नाही. अधिकृत भांडवल. दुप्पट शेअर द्यायचे तर मेमोरँडममध्ये तेवढी जागा हवी. नसेल तर आधी ती वाढवा, शुल्क भरा, मग बोनस. मुदत ठेवींचं किंवा कर्जरोख्यांचं व्याज थकलं असेल, कामगारांचा पीएफ किंवा ग्रॅच्युइटी थकली असेल, तरी बोनस देता येत नाही. आणि एकदा संचालक मंडळाने बोनसची शिफारस जाहीर केली की मागे घेता येत नाही. लाभांशाऐवजी बोनस देणं तर कायद्यालाच मान्य नाही. त्यामागचं कारण तुम्ही आता स्वतः सांगू शकता: लाभांशात बँक खातं जमा बाजूला येतं, बोनसमध्ये येत नाही.

शेवटी, मागच्या रांगेतल्या मुलांसाठी. एखाद्या कंपनीने आजवर किती शेअर परत घेतले ते वार्षिक अहवाल उघडून पाच मिनिटांत काढता येतं. राखीव निधीची टीप उघडा. सीआरआरसमोरचा आकडा घ्या. त्याला दर्शनी किमतीने भागा. इन्फोसिसच्या 2018 च्या अहवालात 56 कोटी भागिले पाच, साधारण 11 कोटी शेअर. मात्र दोन गोष्टी आधी तपासा. कंपनीने कधी प्रेफरन्स शेअर फेडले असतील तर त्याचाही सीआरआर याच खात्यात पडतो. आणि मधे कधी सीआरआरमधून बोनस दिला असेल तर आकडा कमी झालेला असतो. भागाकाराचं उत्तर शेअर भांडवलाच्या टिपेशी जुळलं नाही, तर बहुधा या दोनपैकी एक झालेलं असतं. कुठलं, ते शोधायला जुने अहवाल एकेक वर्ष मागे जात वाचायचे. खाली ग्रंथालयात काही अहवाल ठेवलेले आहेत. ग्रंथपालांशी बोलून ठेवलंय, ते आठ वाजेपर्यंत थांबणार आहेत.